यादीतील ओळीच्या अखेरीस काय द्यावे?

ईमेलमध्ये मुद्द्यांची यादी करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्यावा, अर्धविराम द्यावा की ओळ तशीच मोकळी सोडावी, हा प्रश्न बहुतेकांना क्षुल्लक वाटतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या वादात त्याला आणखी एक शेपूट असते: ओळीचे पहिले अक्षर कॅपिटल असावे की लहान? देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत, तेव्हा आपला निम्मा प्रश्न आपोआप सुटला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात उलटे आहे. कॅपिटल अक्षर नसल्यामुळेच मराठी यादीत ओळीअखेरच्या चिन्हावर दुप्पट भार येतो, आणि ते चिन्ह गाळले की वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. सीमाभागात अर्ज, निवेदने आणि दाखल्यांच्या पत्रव्यवहारात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यात पाहिलेल्या एका यादीच्या आधारे हे म्हणणे मांडतो.

खानापूर तालुक्यातील एका गवंड्याच्या मुलीला महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेत सीमाभागासाठी राखीव असलेल्या जागेवर प्रवेश घ्यायचा होता. संस्थेने कागदपत्रांची यादी ईमेलने पाठवली. ईमेल गेला मुलीच्या मावसभावाकडे. त्याने त्यातील मजकूर उचलून वडिलांच्या फोनवर संदेश म्हणून पाठवला. वडील तो फोन घेऊन आमच्या वाचनालयात आले. पडद्यावर दिसत होते ते असे:

```
पुढील चार कागदपत्रे जोडावीत सीमाभागातील रहिवासाचा
दाखला वडिलांचा किंवा आईचा मातृभाषा मराठी असल्याचा
दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा शाळा सोडल्याचा दाखला
मागील वर्षाची गुणपत्रिका
```

"सर," ते म्हणाले, "माझी शाळा बंद पडून किती वर्षं झाली. माझी मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आता कुणाकडून आणू? दोन दिवस तेच करतोय. खाडे पडले ते वेगळेच."

मी आधी तो मजकूर त्यांच्या डोळ्यांनी वाचला. पहिले कागदपत्र, सीमाभागातील रहिवासाचा दाखला. दुसरे, वडिलांचा किंवा आईचा मातृभाषा मराठी असल्याचा दाखला. तिसरे, मुख्याध्यापकांच्या सहीचा शाळा सोडल्याचा दाखला. चौथे, गुणपत्रिका. हिशेब चोख जुळतो. चार म्हटले होते, चारच भरतात. मातृभाषेची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात असते हे ठाऊक असल्यामुळे बिचारे स्वतःच्या जुन्या शाळेचे दप्तर शोधत हिंडत होते. संस्थेला दूरध्वनी केला तेव्हा तिथल्या लिपिकबाई म्हणाल्या, "अहो, मातृभाषेचा दाखला मुलीचाच हवा, तिच्या मुख्याध्यापकांच्या सहीचा. वडिलांचा किंवा आईचा चालेल तो रहिवासाचा." म्हणजे मूळ यादी अशी होती:

```
सीमाभागातील रहिवासाचा दाखला वडिलांचा किंवा आईचा
मातृभाषा मराठी असल्याचा दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा
शाळा सोडल्याचा दाखला
मागील वर्षाची गुणपत्रिका
```

संस्थेच्या पडद्यावर ही यादी अगदी स्वच्छ दिसत होती. प्रत्येक ओळीपुढे एक काळा ठिपका होता, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर होता. मग मधल्या प्रवासात ती फुटली कशी?

याचे उत्तर ईमेलच्या घडणीत आहे. आपण यादीचे बटण दाबतो तेव्हा मजकुरात ठिपका उमटल्यासारखा दिसतो. पण तो ठिपका मजकुराचा भाग नसतो. ईमेलच्या पोटात त्या जागी फक्त खुणा असतात:

```
<ul>
  <li>शाळा सोडल्याचा दाखला</li>
  <li>मागील वर्षाची गुणपत्रिका</li>
</ul>
```

`<li>` ही खूण दिसली की वाचणाऱ्याचा संगणक स्वतः ठिपका काढतो आणि नवी ओळ सुरू करतो. पाठवणाऱ्याने ठिपका पाठवलेलाच नसतो. त्याने 'येथे ठिपका काढ' अशी सूचना पाठवलेली असते. तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, किंवा साध्या मजकुराच्या रूपात उघडला, तर ही सूचना पाळली जाईलच असे नाही. काही ठिकाणी ठिपक्याऐवजी फुली येते, काही ठिकाणी नुसती ओळ राहते, काही ठिकाणी ओळही राहत नाही आणि सगळा मजकूर एका लांब दोरीसारखा गुंफला जातो. पूर्णविरामाचे तसे नाही. पूर्णविराम हे एक अक्षरच आहे; 'दाखला' या शब्दातील 'ला' जसा जातो तसाच तोही जातो. म्हणून ठिपका मुद्द्याची सुरुवात दाखवतो आणि तेवढे पुरे आहे, हा युक्तिवाद छापील पानाला लागू पडतो, ईमेलला नाही.

हाच अपघात इंग्रजी यादीला झाला असता तर? ओळी एकमेकींत मिसळल्या असत्या, चिन्हे नसती, तरीही प्रत्येक मुद्द्याचे पहिले अक्षर कॅपिटल असते. लहान अक्षरांच्या ओघात अचानक एक मोठे अक्षर उभे राहते आणि वाचणारा ओळखतो की येथे सांधा आहे. इंग्रजीत वाक्याची सीमा दोन पहारेकरी राखतात: एक आधीच्या वाक्याच्या शेवटी, दुसरा पुढच्या वाक्याच्या आरंभी. एक झोपला तरी दुसरा जागा असतो. आपल्याकडे दुसरा नेमलेलाच नाही.

मग पूर्वी मराठीचे चालत कसे होते? मोडी लिपीत तर आधी आडवी रेघ मारून अक्षरे त्या रेघेला टांगत जायचे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याचा दंडक नव्हता आणि आजच्या अर्थाने विरामचिन्हेही नव्हती. ती मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर. मेजर थॉमस कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० मध्ये लिहिले, ते याच कामासाठी. त्याआधीचा मजकूर वाचता येत होता, कारण मराठी वाक्यात शेवट दाखवण्याचे काम शब्दच करतात. क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. 'केले', 'दिधले', 'पाठविले' असा शब्द आला की जाणता वाचक थांबतो. विशेषण नामाच्या आधी येते. नाम आले की तो पदसमूह संपला. भाषेच्या रचनेतच विराम भरलेला होता.

यादी करताना आपण हीच रचना मोडतो. ओळीतले क्रियापद तर आपण काढूनच टाकतो. शिवाय कचेरीच्या सवयीने नाम आधी लिहून त्याचे विशेषण मागाहून जोडतो: 'दाखला वडिलांचा किंवा आईचा', 'दाखला मुख्याध्यापकांच्या सहीचा'. असे मागे लोंबणारे विशेषण पुढच्या ओळीतील नामाला सहज जाऊन चिकटते, कारण मराठीत विशेषणाची जागा नामाच्या आधीच असते. वरच्या यादीत नेमके तेच झाले. दोन्हीकडे 'दाखला' हे पुल्लिंगी नाम असल्यामुळे 'आईचा' हा शब्द मागच्या दाखल्याचा की पुढच्या दाखल्याचा, हे व्याकरणही सांगू शकत नव्हते. तेथे पुढचा मुद्दा गुणपत्रिकेचा असता, तर 'आईचा गुणपत्रिका' हे कानाला खटकले असते आणि लिंगाने का होईना घोटाळा टळला असता. असा आधार कधी मिळतो, कधी मिळत नाही; त्याच्यावर विसंबून प्रवेशाच्या कागदपत्रांची यादी लिहिता येत नाही.

म्हणून पहिला उपाय चिन्हाच्याही आधीचा आहे. विशेषण नामाच्या पुढे आणावे: 'वडिलांचा किंवा आईचा सीमाभागातील रहिवासाचा दाखला'. ओळ नामावर संपली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम चिन्हाचे; आणि कोणते चिन्ह द्यावे हे ओळ कशी आहे यावर ठरते.

ओळ जर पूर्ण वाक्य असेल, तर वाद नाही, पूर्णविराम द्यावा. 'अर्ज दोन प्रतींत भरावा.' 'छायाचित्रावर सही करू नये.' अशा सूचनांना पूर्णविराम नाकारण्याचे काहीच कारण नाही. इंग्रजीतील शैलीपुस्तिकाही येथे बऱ्याच अंशी सहमत आहेत. मायक्रोसॉफ्टची पुस्तिका पूर्ण वाक्यांना पूर्णविराम देण्यास सांगते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची पुस्तिका मात्र यादीतील ओळ लहान अक्षराने सुरू करून शेवटी कोणतेच चिन्ह देऊ नका, असे बजावते. हा नियम आपल्याकडेही 'आधुनिक' म्हणून उचलला जातो. पण तो संकेतस्थळाच्या पानासाठी केलेला आहे. तेथे वाचक मूळ पानावरच येतो, मजकूर उचलून चार फोनांवरून फिरवत नाही, आणि ठिपके जागेवर राहतात.

ओळ जर नुसते नाम किंवा पदसमूह असेल, तर प्रश्न अर्धविरामाचा येतो. येथे इंग्रजी आणि मराठी यांतील एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. इंग्रजीत 'जोडा' हे क्रियापद आधी येते आणि त्याचे कर्म असलेली यादी नंतर. वाक्य यादीच्या शेवटच्या मुद्द्यापर्यंत चालूच असते. म्हणून मधल्या मुद्द्यांना अर्धविराम आणि शेवटच्याला पूर्णविराम, ही तिथली जुनी रीत. मराठीत 'पुढील कागदपत्रे जोडावीत' असे म्हटले की वाक्य तेथेच पुरे होते. यादी ही त्या 'पुढील' शब्दाची फोड असते. इंग्रजीसारखे उघडे वाक्य मराठीत करायचे झाले, तर क्रियापद यादीच्या खाली न्यावे लागते. आपल्या संविधानाचे एकोणिसावे कलम पाहा. इंग्रजी पाठात नागरिकांना हक्क असेल हे आधी येते आणि मग उपकलमे. हिंदी पाठात उपकलमे आधी येतात आणि 'अधिकार होगा' हे शब्द सर्वांत शेवटी, यादीच्या तळाशी. क्रियापद अखेरीस ठेवणाऱ्या भाषेने आपला स्वभाव तेथे राखला आहे. कायद्यात हे शोभते. पण ईमेलमध्ये नऊ ओळी वाचून झाल्यावर दहाव्या ओळीत 'पाठवू नयेत' असे निघाले, तर वाचणाऱ्याचे काय होईल? म्हणून ईमेलमध्ये क्रियापद यादीच्या आधीच असू द्यावे.

त्याच कलमातून अर्धविरामाविषयी आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कायद्याच्या यादीत प्रत्येक उपकलमानंतर अर्धविराम असतो आणि शेवटून दुसऱ्याच्या अखेरीस 'आणि' किंवा 'किंवा' हा शब्द येतो. सगळ्या अटी हव्यात की कोणतीही एक पुरे, हे त्या एका शब्दावर ठरते. मूळ संविधानात या कलमात सात स्वातंत्र्ये होती. सहावे मालमत्तेचे होते आणि 'आणि' हा शब्द त्याच्या शेवटी होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सहावे उपकलम वगळले. त्याबरोबर त्याच्या अखेरीचा 'आणि'ही गेला. म्हणून त्याच दुरुस्तीत पाचव्या उपकलमाच्या शेवटी 'आणि' घालण्याची स्वतंत्र तरतूद करावी लागली. संसदेला त्या एका शब्दाची आठवण ठेवणारे मसुदाकार होते. आपल्या ईमेलमधील यादीतून कोणी घाईघाईने एक ओळ काढली, तर तिच्या शेपटाला बांधलेला 'किंवा' निघून जातो आणि 'यापैकी एक' मागणारी यादी गुपचूप सगळेच मागू लागते. यासाठी 'आणि', 'किंवा' हे शब्द ओळींच्या अखेरीस ठेवूच नयेत. ते काम आरंभीच्या वाक्यावर सोपवावे: 'पुढील चारही कागदपत्रे जोडावीत' किंवा 'पुढीलपैकी कोणतेही एक कागदपत्र जोडावे'. पुढे ओळी वाढोत वा घटोत, अर्थ ढळत नाही. फक्त आकडा तेवढा बदलावा लागतो. वरच्या प्रसंगात आकड्याने एकट्याने काही साधले नाही, हे खरे. पण एखादी ओळ गळाली तर ती आकड्यानेच लक्षात येते.

'आणि' काढून टाकला तरी अर्धविराम मी ठेवतो. त्याचे कारण असे की अर्धविराम 'अजून आहे' असे सांगतो आणि पूर्णविराम 'संपले' असे सांगतो. मधल्या सर्व ओळींना अर्धविराम आणि अखेरच्या ओळीला पूर्णविराम असेल, तर फोनवर अर्धवट आलेली यादी अर्धवट आहे हे तिच्याकडे पाहूनच कळते. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात हीच काळजी मुद्रेने घेतली जात असे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवीत, ती मजकूर येथे संपला हे दाखवण्यासाठी. त्यानंतर कोणी ओळ घुसडली तर ती मर्यादेबाहेरची ठरे. यादीतील शेवटचा पूर्णविराम ही आपली छोटी मर्यादामुद्राच म्हणायची.

या पद्धतीची एक अडचण मात्र आहे. यादीच्या तळाशी नवा मुद्दा जोडला की आधीच्या पूर्णविरामाचा अर्धविराम करावा लागतो, आणि चारजण मिळून मसुदा करत असतील तर ते हमखास राहून जाते. मग मधेच पूर्णविराम, शेवटी अर्धविराम अशी यादी बाहेर पडते आणि ती चिन्हे नसलेल्या यादीपेक्षाही वाईट. कारण ती खोटे सांगते. जो मसुदा अनेक हातांतून जाणार आहे, त्यात सरसकट पूर्णविराम द्यावेत. शेवट कोठे हे मग आरंभीचा आकडा सांगेल.

दोन ठिकाणी पूर्णविरामालाही जपावे लागते. एक म्हणजे संक्षेप. 'ता. खानापूर, जि. बेळगाव' किंवा 'दु. ३ वा.' यांतील टिंब हे संक्षेपाचे असते. ओळ 'वा.' वर संपली तर ते टिंब संक्षेपाचे की वाक्याचे, हे कळत नाही. दोन टिंबे देणे विचित्र दिसते; म्हणून अशा वेळी 'वाजता' असा पूर्ण शब्द लिहून मग पूर्णविराम द्यावा. दुसरे ठिकाण म्हणजे संकेतस्थळाचा किंवा ईमेलचा पत्ता. पत्त्याला लागून दिलेला पूर्णविराम नकलून घेताना पत्त्यातच सामील होतो आणि दुवा उघडत नाही. पत्ता ओळीच्या मध्ये आणून ओळ मराठी शब्दावर संपवावी, हे सोपे.

या सगळ्यानंतर त्या संस्थेची यादी मी जशी लिहिली असती, ती अशी:

```
पुढील चारही कागदपत्रे जोडावीत:
वडिलांचा किंवा आईचा सीमाभागातील रहिवासाचा दाखला;
मुख्याध्यापकांच्या सहीचा, विद्यार्थ्याची मातृभाषा
मराठी असल्याचा दाखला;
शाळा सोडल्याचा दाखला;
मागील वर्षाची गुणपत्रिका.
```

येथे ठिपके मी मुद्दाम काढले आहेत आणि दुसरा मुद्दा मधेच तोडला आहे. तरीही कोणता मुद्दा कोठे संपतो याविषयी शंका उरत नाही. आपणही महत्त्वाची यादी पाठवण्यापूर्वी एवढेच करून पाहा: ती उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा, सगळ्या ओळी एकापुढे एक जोडा आणि ज्याला विषय ठाऊक नाही अशा कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. तो जेथे अडखळेल, तेथे एक चिन्ह कमी आहे किंवा एक विशेषण चुकीच्या बाजूला बसले आहे.